पंचवीसपैकी नऊ बोर्ड बंद: सप्लायरला काय लिहायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या वर्कशॉपसाठी आम्ही २५ जणांनी वर्गणी काढून पुण्याच्या एका सप्लायरच्या वेबसाइटवरून ईएसपी-३२ या वाय-फाय चिपचे २५ बोर्ड मागवले. एक ३९० रुपयांना, एकूण ९,७५० रुपये. बिल माझ्या नावावर आहे. त्यातले ९ खराब निघाले. ४ लॅपटॉपला दिसतच नाहीत, ३ मध्ये प्रोग्रॅम अपलोड होत नाही आणि २ वाय-फाय सुरू केलं की सारखे रीस्टार्ट होतात. फोन केला तर म्हणाले, "आम्ही माल चेक करूनच पाठवतो, तुम्हीच उडवले असतील." पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आमच्याकडे नाही. परतीची मुदत ७ दिवसांची, आज पाचवा दिवस. "तुम्ही विद्यार्थ्यांना फसवता" असं कडक पत्र मी लिहून ठेवलंय. पाठवू का? वर्कशॉप तीन आठवड्यांवर आलंय.

उत्तर: ते पत्र पाठवू नकोस. पण आज काहीच न पाठवता झोपूही नकोस, कारण तुझ्या हातात दोनच दिवस आहेत आणि फोनवर झालेलं बोलणं उद्या कुणी मान्य करणार नाही. आज रात्रीच सप्लायरच्या बिलावर असलेल्या मेलवर चार ओळी टाक आणि त्याच ओळी व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठव: "या ऑर्डरमधल्या २५ बोर्डांपैकी ९ बोर्डांत दोष दिसतो आहे. प्रत्येक बोर्डाची तपासणी चालू आहे, तपशील तीन दिवसांत पाठवतो. ही सूचना परतीच्या मुदतीत दिली आहे, याची नोंद घ्यावी." ऑर्डर नंबर आणि बिलाची तारीख वर लिही. बास. एवढ्याने मुदतीचा प्रश्न तुझ्या बाजूने राहतो आणि नीट तपासायला वेळ मिळतो.

आता तपासायचं का, तर मी सहा वर्षं अशाच एका दुकानात परत आलेल्या मालाच्या टेबलावर काम केलंय. "डेड" म्हणून आलेले कितीतरी पीस मी आमच्या केबलला लावले की लगेच सुरू व्हायचे. हे रोज बघणाऱ्या माणसाचं मन तयार झालेलं असतं, म्हणून तो तुला न ऐकताच "तुम्हीच उडवले" म्हणतो. त्याने ते वाक्य पुन्हा म्हणू नये असं वाटत असेल, तर तुझ्या पत्रात आधी हे दिसलं पाहिजे की ९ पैकी कोणते बोर्ड खरे खराब आहेत आणि कोणते नाहीत, हे तू स्वतःच वेगळं केलंयस.

त्यासाठी सगळ्या २५ बोर्डांच्या खालच्या बाजूला मार्करने नंबर टाक. हो, चाललेल्या सोळांवरसुद्धा. मग चांगल्या चालणाऱ्यांपैकी एक बोर्ड नमुना म्हणून बाजूला काढ. प्रत्येक संशयित बोर्डाच्या आधी आणि नंतर हा नमुना त्याच केबलवर, त्याच लॅपटॉपच्या त्याच पोर्टवर लावून बघायचा. केबल, पोर्ट आणि प्रोग्रॅम तेच ठेवून फक्त बोर्ड बदलला, तरच दोष बोर्डात आहे असं म्हणता येतं. तपासताना बोर्ड पूर्ण मोकळा हवा. ब्रेडबोर्डवरून काढ, सेन्सर काढ. या चिपच्या काही पिना चालू होतानाच वाचल्या जातात. बाहेरच्या सर्किटने १२ नंबरची पिन वर खेचलेली असेल, तर साधारणपणे चांगला बोर्डसुद्धा बूट होत नाही. आणि टेबल स्टीलचं असेल तर खाली पुठ्ठा ठेव.

लॅपटॉपला न दिसणाऱ्या चार बोर्डांपासून सुरुवात कर. बोर्डावरचा लाल दिवा लागतो म्हणून केबल चांगली, असं धरू नकोस. मोबाइलच्या स्वस्त चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात. डेटाच्या तारा नसतात. दिवा लख्ख लागतो आणि लॅपटॉपला काहीच कळत नाही. ज्या केबलने नमुना बोर्डावर आत्ताच प्रोग्रॅम चढवलाय, तीच केबल वापर. त्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह अनोळखी उपकरण दिसलं, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर नसतो. एकाच लॉटमध्ये काही बोर्डांवर सीपी२१०२ आणि काहींवर सीएच३४० अशी यूएसबीची चिप येऊ शकते आणि दोघींचे ड्रायव्हर वेगळे असतात. भिंगातून चिपवरची अक्षरं वाचून बघ.

चांगल्या केबलवरही काहीच हालचाल नसेल, तर बोर्ड काढ आणि मल्टिमीटरने ३.३ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोज. नमुना बोर्डावर तोच रोध मोजून शेजारी लिही. खराब बोर्डावर तो शून्याजवळ आला आणि मीटर सलग वाजत राहिला, तर बोर्डात शॉर्ट आहे. असा बोर्ड पुन्हा लॅपटॉपला लावू नकोस, पोर्ट जाऊ शकतो.

इथे तुमच्या गटाला एक प्रश्न खरेपणाने विचार: या चारपैकी कोणत्या बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला कुणी ५ व्होल्ट दिले होते का? ५ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरचा आउटपुट थेट पिनला जोडला होता का? असं झालं असेल तर तो बोर्ड यादीतून काढ. शॉर्ट झालेला बोर्ड कुणामुळे गेला हे बघून सांगणं अवघड असतं. म्हणून तुझ्या शब्दावर विश्वास बसणं फार महत्त्वाचं आहे आणि यादीतून स्वतःहून एक बोर्ड काढलास की उरलेल्यांचं वजन वाढतं.

अपलोड न होणारे तीन बोर्ड मला सगळ्यात ओळखीचे वाटतात. स्क्रीनवर असं काही येतंय का बघ:

```
Failed to connect to ESP32: Wrong boot mode detected (0x13)!
The chip needs to be in download mode.
```

असं येत असेल तर "कनेक्टिंग" दिसायला लागल्यावर बोर्डावरचं बूट बटण दाबून धर आणि अपलोड सुरू झालं की सोड. प्रोग्रॅम चढला, तर चिप जिवंत आहे. बिघाड आहे तो बोर्डाला आपोआप अपलोडच्या स्थितीत नेणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये. त्यात दोन ट्रान्झिस्टर असतात आणि रीसेटच्या, म्हणजे ईएन पिनजवळ एक कपॅसिटर असतो. पैसे वाचवायला काही ठिकाणी तो कपॅसिटर बसवतच नाहीत किंवा फार लहान बसवतात. मग रीसेटची पिन लवकर वर येते आणि चिप अपलोडऐवजी नेहमीसारखी सुरू होते. खात्री करायची असेल तर बोर्ड ब्रेडबोर्डवर ठेवून ईएन आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, लांब पाय ईएनकडे. बटण न दाबता अपलोड व्हायला लागलं, तर दोष सापडला. मात्र तो कपॅसिटर सोल्डर करू नकोस. सोल्डरचा नवा ठिपका दिसला की "छेडछाड केलेला माल" म्हणून पीस परत येईल.

बटण दाबूनही चढत नसेल, तर अपलोडचा वेग ९,२१,६०० वरून १,१५,२०० वर आणून एकदा बघ. तरीही नाही, तर तो बोर्ड खराबात धर.

वाय-फायवर रीस्टार्ट होणाऱ्या दोघांसाठी हा छोटा प्रोग्रॅम चढव आणि दहा मिनिटं चालू ठेव:

```cpp
#include <WiFi.h>
void setup() {
  Serial.begin(115200);
  WiFi.mode(WIFI_STA);
}
void loop() {
  Serial.println(WiFi.scanNetworks());
  delay(2000);
}
```

हा आजूबाजूची नेटवर्कं मोजून आकडा छापत राहतो. मध्येच `Brownout detector was triggered` असं आलं, तर व्होल्टेज कोसळतंय. पण कोसळतंय कुठे? वाय-फायवरून पाठवताना ही चिप क्षणभर पाव अँपिअरच्या आसपास करंट ओढते. चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी पुरवठा निदान ५०० मिलिअँपिअरचा ठेवायला सांगते. आता हिशेब बघ. यूएसबीचे ५ व्होल्ट, त्यातले साधारण ०.३ बोर्डावरच्या डायोडमध्ये जातात, उरले ४.७. अशा बोर्डांवर बहुधा एएमएस१११७ जातीचा रेग्युलेटर असतो. पूर्ण भारावर त्याला आउटपुटपेक्षा १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ३.३ साठी ४.४ ते ४.६. हातात शिल्लक राहिली ती जेमतेम ०.१ ते ०.३ व्होल्ट. तुमची केबल बारीक आणि लांब असेल, तिचा येण्याजाण्याचा रोध मिळून अर्धा ओहम असेल, तर अर्ध्या अँपिअरला पाव व्होल्ट केबलच खाते. मग बोर्ड बिचारा रीस्टार्ट होणारच.

म्हणून जाड आणि आखूड केबलवर दहा मिनिटं बघ. बंद झाला त्रास, तर बोर्ड चांगला. तसाच राहिला आणि त्याच केबलवर नमुना बोर्ड दहा मिनिटं बिनतक्रार चालला, तर रेग्युलेटर किंवा त्याच्याजवळचे कपॅसिटर कमी पडताहेत. व्हीआयएन आणि ३.३ या दोन्ही पिनांचं व्होल्टेज प्रोग्रॅम चालू असताना मोजून लिही. पण मल्टिमीटर हळू असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. आकडा ठीक दिसला म्हणून बोर्ड ठीक, असं मानू नकोस. स्क्रीनवरचा तो संदेश जास्त बोलतो, त्याचा फोटो काढ.

एवढं झाल्यावर चांगल्या सोळांवरही हाच प्रोग्रॅम दहा-दहा मिनिटं चालव. कंटाळवाणं आहे, पण चौघांनी मिळून केलं तर एका दुपारचं काम आहे. पहिलं पत्र गेल्यावर आठवड्याने "अजून दोन निघाले" असं दुसरं गेलं, की पहिल्याचंही वजन जातं. शिवाय जाहिरातीत ४ एमबी फ्लॅश लिहिलं असेल, तर तीन-चार बोर्डांवर हेही तपास, पोर्टचा नंबर तुझ्या लॅपटॉपप्रमाणे घालून:

```
esptool.py --port COM5 flash_id
```

शेवटी `Detected flash size: 4MB` आलं पाहिजे. २ एमबी आलं, तर तो जाहिरातीप्रमाणे नसलेला माल आहे आणि तो मुद्दा वेगळा लिहायचा.

आता पत्र. समजा तपासणीत असं निघालं: न दिसणाऱ्या चारपैकी दोन चांगल्या केबलवर सुरू झाले, दोन खरेच बंद. अपलोडवाले तिन्ही बटण दाबून चालतात. रीस्टार्टवाल्या दोघांपैकी एक जाड केबलवर सुधारला, एक नाही. म्हणजे ९ पैकी ३ चांगले, ३ पूर्ण खराब आणि ३ अर्धवट. मग मी असं लिहीन:

> विषय: ऑर्डर क्र. (नंबर), बिल दि. (तारीख): ६ सदोष बोर्ड बदलून मिळणेबाबत
>
> नमस्कार,
>
> आपल्याकडून मागवलेले २५ ईएसपी-३२ बोर्ड मला (तारीख) रोजी मिळाले. परतीच्या मुदतीत, (तारीख) रोजी, ९ बोर्डांबाबत मी आपल्याला मेलने कळवले होते. त्यानंतर सर्व २५ बोर्ड एकाच लॅपटॉपवर, एकाच केबलने, कोणतेही सर्किट न जोडता तपासले. त्या ९ पैकी ३ बोर्ड (क्र. ४, ११, १९) चांगले निघाले, दोष आमच्या केबलचा होता. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.
>
> क्र. ७ आणि १५: यूएसबीवर ओळखले जात नाहीत. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट आहे. चालणाऱ्या बोर्डावरचे माप सोबत दिले आहे.
>
> क्र. २२: वाय-फाय सुरू होताच ब्राउनआउटचा संदेश येऊन रीस्टार्ट होतो. त्याच केबलवर क्र. १ चा बोर्ड १० मिनिटे अखंड चालला.
>
> क्र. ३, ९, १२: बूट बटण दाबल्याशिवाय अपलोड होत नाही. ईएन आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तात्पुरता लावल्यावर होते. आपल्या वेबसाइटवर या बोर्डाच्या माहितीत आपोआप अपलोडची सोय असल्याचे म्हटले आहे.
>
> एकाही बोर्डावर आम्ही सोल्डरिंग केलेले नाही. बोर्ड २५ विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी वर्गणीतून घेतले आहेत, विक्रीसाठी नाहीत.
>
> विनंती अशी की हे ६ बोर्ड बदलून द्यावेत, किंवा त्यांचे २,३४० रुपये परत करावेत. परतीच्या कुरिअरचा खर्च आपण करावा. आमचे वर्कशॉप (तारीख) रोजी आहे, त्यामुळे (तारीख) पर्यंत बदली बोर्ड मिळणे गरजेचे आहे. आपल्याला हवे असल्यास व्हिडिओ कॉलवर तपासणी दाखवू शकतो.
>
> सोबत: बिलाची प्रत, तपासणीचा तक्ता, ६ फोटो, २ व्हिडिओ.

आपोआप अपलोडचं ते वाक्य वेबसाइटवर खरंच असेल तरच लिही. असेल, तर पानाचा स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेव, कारण उद्या ते पान बदलू शकतं. नसेल, तर त्या तीन बोर्डांवर अडून बसू नकोस. त्यांनी बोर्डामागे थोडे पैसे परत देऊ केले आणि तुमची बटण दाबायची तयारी असली, तर घ्यायला हरकत नाही.

या पत्रात "फसवणूक" नाही आणि ग्राहक मंचाची धमकीही नाही, हे मुद्दाम. सप्लायरनेही हे बोर्ड घाऊक लॉटमध्ये घेतलेले असतात आणि त्याच्या मागे त्याचा आयातदार असतो. तुझा तक्ता त्याला तसाच पुढे पाठवता येतो, शिव्या पाठवता येत नाहीत. टेबलावर बसून मी कितीदा पाहिलंय, नंबरवार तक्ता घेऊन आलेल्या मुलाचं काम मालक त्याच दिवशी करून टाकायचे.

उघडतानाच्या व्हिडिओवरून अडवलं, तर अटी वाच. ती अट फुटलेल्या किंवा कमी आलेल्या मालासाठी आहे की सगळ्यासाठी, हे बघ. पार्सल फुटलेलं नव्हतं, बोर्ड कमीही नव्हते. बोर्डाच्या सर्किटमधला दोष पार्सल उघडताना दिसतच नाही, एवढंच शांतपणे लिही.

उत्तर आलंच नाही तर पुढची पायरी आहे. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. त्याचं नाव वेबसाइटवर असायला हवं. दुसरा मेल थेट त्या नावाने कर. तरीही शांतता असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदव, तिथे हाच तक्ता आणि हेच पत्र लागेल. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तू राहतोस तिथे, म्हणजे सांगलीतच तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र पुन्हा विकायला घेतलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही. म्हणून पत्रातलं "विक्रीसाठी नाहीत" हे वाक्य काढू नकोस आणि वर्कशॉपमध्ये बोर्ड जास्त दराने कुणाला देऊही नका.

वर्कशॉप या सहा बोर्डांवर अडवू नकोस. वरच्या हिशेबाने तुझ्याकडे १९ चालणारे आहेत. १३ जणांना एकेक दे आणि बाकीचे १२ जण जोड्यांनी सहा बोर्डांवर बसव. वादातले बोर्ड मात्र त्या दिवशी कुणाच्या हातात देऊ नकोस. नाहीतर ते खरंच उडतील.

परत पाठवताना प्रत्येक बोर्ड त्याच्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवीवर नंबर आणि एका ओळीत दोष. डब्यात तक्त्याची छापील प्रत सगळ्यात वर ठेव, कारण डबा उघडणाऱ्याने मेल वाचलेला नसतो. पॅकिंग करताना आणि कुरिअरवाल्याच्या काट्यावर डबा ठेवताना फोटो काढ, पावती जपून ठेव. आणि बदली पार्सल आलं की या वेळी मोबाइल आधी चालू कर, मग कात्री लाव.